बाळाचं बिल वेगळं कसं?

ताईच्या वेळी हेच झालं, आता वहिनीच्या वेळीही तेच! सांगलीतल्या खासगी दवाखान्यात आधीच विचारलं होतं, सिझरला एकूण किती? "पॅकेज 65 हजार." बाळाला कावीळ झाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, आणि त्याच्या नावाची वेगळी फाईल निघाली. त्याचे 14 हजार, बालरोगतज्ज्ञांचे 6 हजार. झाले 85.

विमा आहे, पण बाळंतपणाला दोन वर्षांची अट आणि पॉलिसी 14 महिन्यांची. बाळंतपण कव्हर नाही म्हणून बाळही नाही. ते 90 दिवसांनंतरच पॉलिसीत येणार.

अहो, निम्म्याहून जास्त बाळांना कावीळ होते. मग अंदाज देतानाच बाळाचा खर्च का सांगत नाही?