दगड फिरवून किडनीची सूज जात नाही

"रोज सकाळी १० मिनिटं गुआशा आणि फेस योगा करा. चेहऱ्याची सूज म्हणजे साठलेलं विष, ते दगडाने मानेवाटे खाली उतरवा. मान जोरात घासा, लाल झाली म्हणजे विष सुटतंय. ३० दिवसांत कोलॅजन वाढून त्वचा घट्ट होते. डॉक्टर हे सांगणार नाहीत. सगळ्या मैत्रिणींना पाठवा."

गुआशा म्हणजे चपटा, गुळगुळीत दगड चेहऱ्यावरून फिरवणं आणि फेस योगा म्हणजे चेहऱ्याचे व्यायाम. हा मेसेज माझ्या मावशीला तिच्या भिशीच्या ग्रुपवर आला आणि तिने तो साडेतीन आठवडे मनापासून पाळला. मी सोलापुरातच फिजिओथेरपी करते. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ज्या बायकांचा हात सुजतो, त्यांच्या हातातलं पाणी हलक्या मसाजने वर सरकवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे सूज मसाजने हलते हे मला कुणी शिकवायला नको. मला राग आहे तो "विष" या शब्दाचा.

रक्ताच्या बारीक केशिकांमधून पाणी आणि थोडी प्रथिनं सतत बाहेर झिरपत असतात. त्यातलं जे परत रक्तात ओढलं जात नाही ते लसिकावाहिन्या उचलतात आणि गळपट्टीच्या हाडामागे मोठ्या शिरेत नेऊन सोडतात. म्हणजे दगडाने तुम्ही जे खाली ढकलता ते रक्तातच परत जातं, शरीराबाहेर काही पडत नाही. नको असलेलं बाहेर टाकायचं काम लिव्हर आणि किडनी करतात. आता किडनीच बिघडली असेल आणि त्यामुळेच चेहरा सुजत असेल, तर दगड काय करणार?

मावशीचं नेमकं तेच झालं. वय ५६. सकाळी उठली की दोन्ही डोळ्यांभोवती फुगलेलं, पापण्या जड. ती दगड फिरवायची आणि बारापर्यंत चेहरा मोकळा व्हायचा. तिला वाटलं, गुण आला. मी तिला म्हटलं, "मावशी, दोन दिवस दगड कपाटात ठेव. सकाळी सातला आणि दुपारी बाराला त्याच खिडकीपाशी फोटो काढून मला पाठव." दगड नसतानाही बारापर्यंत सूज तेवढीच उतरली होती. रात्रभर आडवं असताना पाणी चेहऱ्यात, विशेषतः पापण्यांच्या सैल कातडीत साठतं, आणि उभं राहिल्यावर ते स्वतःच्या वजनाने खाली जातं.

खाली म्हणजे कुठे, ते संध्याकाळी दिसलं. तिच्या पैंजणाची खूण घोट्यात रुतलेली होती. मी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. मग मी लघवीचं विचारलं. ती म्हणाली, "अगं, फेस येतो खरा, साबणासारखा. मला वाटलं हार्पिक राहत असेल." दुसऱ्या दिवशी लघवीच्या तपासणीत प्रोटीन ३+ आलं, रक्तातलं अल्ब्युमिन बरंच कमी निघालं. किडनीच्या गाळणीतून प्रथिनं वाहून जात होती, आणि रक्तात ती उरली नाहीत की पाणी बाहेर साठायला लागतं. साडेतीन आठवडे गेले ते गेलेच. तिला कुणी डॉक्टरकडे जायला सांगितलं असतं तर ती गेली असती. मेसेजने तिला उलटंच सांगितलं.

मान घासण्याचंही असंच. जबड्याच्या कोपऱ्याखाली, जिथे नाडी हाताला लागते, तिथे रक्तदाबावर नजर ठेवणारी एक जागा आहे. ती दाबली गेली की हृदयाचे ठोके मंदावतात, दाब उतरतो, वयस्कर माणसाला भोवळही येऊ शकते. डॉक्टरांना हृदयाच्या काही वेगवान ठोक्यांसाठी ही जागा मुद्दाम दाबावी लागते, तेव्हा ते आधी स्टेथोस्कोप लावून रक्तवाहिनीत अडथळ्याचा आवाज येतो का ऐकतात, ईसीजी लावतात, आणि एका वेळी एकच बाजू, तीही काही सेकंदच दाबतात. आणि इथे साठीच्या बायकांना दोन्ही बाजू जोर लावून घासायला सांगतात! लाल होणं म्हणजे त्वचेत रक्त वाढणं, आणि ठिपके उठले तर केशिका फुटल्या, इतकंच. ज्यांना वांग आहे त्यांचे डाग अशा घासण्याने गडदही होतात.

आता जे खरं आहे ते मान्य करते. रात्री लग्नाचं जेवण, पापड, लोणचं, शेंगाची चटणी, वर एक वाजता झोप, अशी सकाळची फुगवट हलक्या हाताने लवकर उतरते. पण हलक्या म्हणजे खरंच हलक्या, कारण लसिकावाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात आणि जोराने दाबलं की त्या मिटू शकतात. थोडं तेल लावून आधी गळपट्टीच्या हाडावरच्या खळगीत बोटांनी पाच-सात वेळा सावकाश, कातडी नुसती ताणेल इतपत दाब द्या. मग नाकापासून कानाच्या पुढे, आणि मानेच्या कडेने, नाडीची जागा टाळून, खाली. पाच मिनिटं पुरे. टिकतं ते काही तास. आपला सोलापुरी टॉवेल गार पाण्यात भिजवून पिळून डोळ्यांवर ठेवला तरी बराचसा तोच परिणाम येतो. डोळ्यांखालची जी पिशवी दिवसभर तशीच असते ती बहुधा पुढे सरकलेली चरबी असते, ती पाण्यासारखी हलत नाही.

घट्टपणाबद्दल थोडक्यात. फेस योगावर एक बरा अभ्यास आहे, २०१८ साली जामा डर्मटॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ४० ते ६५ वयाच्या २७ बायकांनी सुरुवात केली, १६ जणी टिकल्या. पहिले आठ आठवडे रोज ३० मिनिटं आणि पुढचे बारा आठवडे दिवसाआड, असे एकूण २० आठवडे. फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांना गालांचा वरचा आणि खालचा भाग थोडा भरलेला वाटला आणि अंदाजे वय सरासरी ५०.८ वरून ४८.१ वर आलं. बाकी बहुतेक ठिकाणी फरक नाही, आणि व्यायाम न करणारा तुलनेचा गटच नव्हता. गालाचे स्नायू थोडे भरतात एवढंच यातून म्हणता येतं. कोलॅजन त्यात मोजलंच नव्हतं. आणि बोटॉक्स कपाळाच्या आठ्या घालवतं ते स्नायू ढिले करून, तर भुवया उचलायचे व्यायाम त्याच आठ्या रोज घालतात.

मावशीची बायोप्सी झाली आणि स्टिरॉइड सुरू झाले. घोट्याची सूज उतरली, पण आता गाल गोल झालेत. ही औषधाने जमलेली चरबी आहे, दगडाने हलणार नाही. गेल्या आठवड्यात त्याच ग्रुपवरून तिला सल्ला आला की गोळ्या बंद कर, चेहरा पूर्ववत होईल. कृपा करून हे कुणाला लिहू नका. काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं. गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब कोसळू शकतो, माणूस आयसीयूत जाऊ शकतो. डोस डॉक्टरच उतरवत नेतात. मावशीच्या गोळ्यांची डबी सध्या मी भरते.