रिफंड मंजुरीचा मेल लिहिण्याची कला

ऑनलाइन दुकानाच्या कस्टमर केअरमध्ये नोकरी करता? मग रिफंड मंजूर झाल्याचा मेल तुम्हाला कधी ना कधी लिहावा लागेलच. मला नुकताच असा एक उत्तम नमुना मिळाला. गळका मिक्सर परत केल्यावर उत्तर आलं: ‘अभिनंदन! आपला रिफंड मंजूर झाला आहे. लागू रक्कम मूळ पेमेंट स्रोतात ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत जमा होईल.’ तीन वाक्यं, आणि कामाची माहिती शून्य. हे जमायला साधना लागते. तुमच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

सुरुवात अभिनंदनाने करा. स्वतःचेच पैसे परत मिळणाऱ्याला लॉटरी लागल्यासारखं वाटलं पाहिजे.

रक्कम चुकूनही आकड्यात लिहू नका. ‘लागू रक्कम’ म्हणा आणि हिशोब गिऱ्हाइकावर सोडा. माझंच बघा. मिक्सर ३,४९९ रुपयांचा, कूपनचे ३०० वजा, डिलिव्हरीचे ६० अधिक, म्हणजे मी भरले ३,२५९. त्यातले २५९ तुमच्याच ॲपच्या वॉलेटमधून आणि ३,००० डेबिट कार्डावरून. आता परत किती येणार? डिलिव्हरीचे ६० कापणार का? कूपन पुन्हा वापरता येणार की गेलं? तुमच्या संगणकाला हे सगळं ठाऊक असतं, पण गिऱ्हाइकाला का सांगायचं? बसू दे त्याला कॅल्क्युलेटर घेऊन.

पैसे कुठे येणार तेही ‘मूळ स्रोत’ एवढ्यावर भागवा. ३,००० बँकेत आणि उरलेले १९९ वॉलेटमध्ये जाणार असतील, तर हे दोन तुकडे मेलमध्ये दाखवू नका. माणूस पासबुकात ३,१९९ ची एकच नोंद शोधत बसतो आणि वॉलेटकडे बघायचं त्याच्या डोक्यातही येत नाही.

आता खरी कला. ‘५ ते ७ कामकाजाचे दिवस’ लिहा, पण कधीपासून ते लिहू नका. मेल आला त्या दिवसापासून? मिक्सर गोदामात पोचला तेव्हापासून? की तुम्ही पेमेंट गेटवेला पैसे परत करायला सांगाल त्या मुहूर्तापासून? मध्ये शनिवार, रविवार, गणपतीची सुट्टी. ‘मंजूर झाला’ आणि ‘पाठवला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण मेल असा लिहा की दोन्ही एकच वाटावं. मंजुरी म्हणजे तुमच्या माणसाने हो म्हटलं, बस्स. पुढे तो व्यवहार तुमच्या गेटवेकडून तुमच्या बँकेकडे, तिथून कार्ड नेटवर्कमार्गे माझ्या बँकेत यायचा असतो. तुम्ही तो पाठवलाच नसेल तर माझ्या बँकेला काय कळणार, कप्पाळ? तरी मुदत उलटल्यावर तुम्ही म्हणता, ‘बँकेशी संपर्क साधा.’ बँकेतली बाई म्हणते, ‘एआरएन नंबर द्या, त्याशिवाय शोधता येत नाही.’ हा २३ आकडी नंबर रिफंड खरोखर पुढे गेला की तयार होतो आणि तुमच्या गेटवेकडून तुम्हाला मिळतो. तो मागितला की तुमचा माणूस विचारतो, ‘सर, तो काय असतो?’ अहो, तुमच्याच धंद्यातली गोष्ट आहे ती! ते मी तुम्हाला समजावून सांगायचं?

मेल no-reply वरूनच पाठवा, हे सांगायला नकोच.

पुरे झाली थट्टा. हा मेल लिहायला काय लागतं ते वाचा:

‘मिक्सर परतीचे ३,१९९ रुपये मंजूर. त्यातले ३,००० आपल्या अमुक बँकेच्या डेबिट कार्डाशी जोडलेल्या खात्यात (कार्डाचे शेवटचे चार अंक अमुक) आणि १९९ ॲपच्या वॉलेटमध्ये. डिलिव्हरीचे ६० रुपये परत मिळत नाहीत. कूपन पुन्हा वापरता येईल. वॉलेटचे पैसे आजच जमा केले. कार्डाचे उद्या, १२ तारखेला पाठवू. २१ तारखेपर्यंत खात्यात दिसावेत. पाठवले की एआरएन नंबर कळवू. २१ पर्यंत न आल्यास याच मेलला उत्तर द्या.’

यातला कुठला आकडा तुमच्याकडे नाही? एकूण एक आहे. माझ्या खात्यातून पैसे कापताना पैशापर्यंतचा हिशोब, वेळ आणि व्यवहार क्रमांक त्याच क्षणी पाठवता. परत द्यायची वेळ आली की ‘लागू रक्कम’ आणि ‘लवकरच’? टेम्प्लेटमध्ये चार रकाने वाढवायला एका दुपारचं काम आहे. ते करत नाही, कारण वैतागून गिऱ्हाईक नाद सोडेल असा तुमचा हिशोब असतो. मी सोडणार नाही. एआरएन पाठवा.