‘नीट तपासून दे’ लिहिल्यानं पट्टी जुळत नसते

सध्या ग्रुपांमधून फिरणारा मेसेज असा: «प्रॉम्प्टचे तुकडे पाडणं आता जुनं झालं. आजची एआय मॉडेलं एका दमात सगळं करतात. चार पायऱ्या केल्या म्हणजे चारदा चुकायची संधी आणि चौपट खर्च. तपासणीच हवी असेल तर शेवटी ‘नीट तपासून दे’ लिहा, झालं काम!»

यावर बोलायचं तर माझ्याकडे कळमन्याच्या ३८ पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या पावत्या आहेत. काटोलकडच्या एका शेतकरी गटाची मृग बहाराची संत्री नागपूरला कळमना बाजारात गेली होती. प्रत्येक खेपेची हातानं लिहिलेली पट्टी, तिचा मोबाइलवर काढलेला फोटो. काम एवढंच होतं: पट्ट्या वाचायच्या, शेतकऱ्यागणिक हिशेब लावायचा आणि प्रत्येकाला त्याच्या रकमेचा मेसेज लिहायचा. मीही आधी एका दमातच केलं. सगळे फोटो टाकले, मोठा प्रॉम्प्ट लिहिला, शेवटी ‘नीट तपासून दे’ही लिहिलं. उत्तर देखणं आलं. ओळी मात्र ३७ होत्या, आणि खाली ‘सर्व आकडे तपासले आहेत’ असा दाखला!

गाळलेली पट्टी मोजल्याबरोबर सापडली. खरी गोची एका वाचलेल्या पट्टीत होती. कागदावर वजन १.४२ टन, भाव ३१,०००, रक्कम ४४,०२०. हातानं लिहिलेला १ आणि ९ यांत किती फरक असतो ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मॉडेलनं भाव ३९,००० वाचला आणि रकमेच्या रकान्यात ५५,३८० लिहून मोकळं झालं. गुणाकार अचूक. आकडा मात्र कागदावर कुठेच नाही. शेतकऱ्याला ११,३६० रुपये जास्त दाखवणारा मेसेज तयार होता, आणि तक्त्यात डोळ्याला खटकेल असं काहीही नव्हतं, कारण सगळं एकमेकांशी जुळत होतं.

नवी मॉडेलं उत्तराआधी विचार करतात, काही तर गुणाकारासाठी स्वतःच कोड चालवतात, हे मान्य. पण चुकीच्या वाचलेल्या आकड्यावर चालवलेला कोड चुकीचंच उत्तर देतो, फक्त बिनचूक. एका दमात वाचन, हिशेब आणि लेखन झालं की मधला टप्पा माझ्या हाती लागत नाही. जिथं बोट ठेवून ‘हे कागदावर आहे का?’ विचारता येईल, ती जागाच उरत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा तुकडे पाडले. पहिल्या प्रॉम्प्टला एका वेळी एकच फोटो, आणि काम फक्त नकलेचं: वजन, भाव, रक्कम, एकूण कपात (हमाली, तोलाई, गाडीभाडं), निव्वळ रक्कम, जसं लिहिलंय तसं उतरव, वाचता आलं नाही तर रकाना रिकामा ठेव. गुणाकार करायला सांगितलाच नाही. तपासणी शीटमध्ये, मॉडेलच्या बाहेर. B वजन, C भाव, D रक्कम, E कपात, F निव्वळ:

```
=IF(AND(ABS(B2*C2-D2)<=1, ABS(D2-E2-F2)<=1), "ठीक", "थांबा")
```

आता तीच पट्टी बघा. भाव पुन्हा ३९,००० वाचला गेला, पण रक्कम कागदावरून ४४,०२० अशीच उतरली. १.४२ गुणिले ३९,००० म्हणजे ४४,०२० होत नाही. ‘थांबा’. पट्टीवर एकच गोष्ट दोन वाटांनी लिहिलेली असते, तिचाच हा फायदा.

इथं एक खाच आहे, ती मला उशिरा कळली. तपासणीचा हा नियम पहिल्या प्रॉम्प्टमध्ये लिहायचा नाही. ‘वजन गुणिले भाव म्हणजे रक्कम, हे जुळव’ असं सांगितलं की मॉडेल आकडा वाचण्याऐवजी जुळवू लागतं. परीक्षेत उत्तर माहीत असलेला पोरगा मधल्या पायऱ्या जुळवतो, तसंच. चूक सापडल्यावरही ‘रक्कम जुळत नाही, दुरुस्त कर’ असं परत पाठवू नका. आधीचं उत्तर न दाखवता, तोच फोटो कोऱ्या प्रॉम्प्टवर पुन्हा वाचायला द्या. माझ्याकडे पाच पट्ट्या अडकल्या. तीन दुसऱ्या वाचनात सुटल्या, दोन मी स्वतः बघितल्या. त्यातल्या एकीत मॉडेलची काहीच चूक नव्हती: पट्टी लिहिणाऱ्यानंच वजाबाकीत २०० रुपये कमी धरले होते. गटाचा हिशेब बघणाऱ्या काकांना दाखवलं तर म्हणाले, “बाप्पा! म्हणजे मशीन नाही, मुनीमच चुकते.” एका दमाच्या कामात हे २०० रुपये गुपचूप ‘सुधारले’ गेले असते आणि भांडायला कागदच उरला नसता.

चारदा चुकायच्या संधीचं गणितही करून बघू. सोयीसाठी धरू की प्रत्येक पायरी १०० पैकी ९५ वेळा बरोबर येते. मग चारही बरोबर यायची शक्यता १०० पैकी साधारण ८१. पण त्या पायऱ्या एका प्रॉम्प्टच्या पोटातही असतातच, दिसत नाहीत एवढंच. आता प्रत्येक पायरीनंतरची तपासणी पाचपैकी चार चुका पकडते आणि त्या दुरुस्त होतात असं धरलं, तर पायरी ९९ वर जाते आणि चारही पायऱ्यांची साखळी ९६ वर. तपासणीच नसलेली साखळी मात्र ८१ वरच राहते. त्या बाबतीत मेसेजवाल्याचं खरं आहे.

उरलेल्या पायऱ्या थोडक्यात. दुसरीत नावं: एकच माणूस कुठं ‘रामभाऊ’, कुठं ‘रा. ग.’. गटाच्या यादीतलंच नाव निवड, नाहीतर ‘सापडलं नाही’ लिही, एवढी मुभा. यादीबाहेरचं नाव आलं की शीट अडवते. यादीतलंच पण भलत्याचं नाव निवडलं तर शीटला कळत नाही, म्हणून ही पायरी काकांच्या नजरेखालून गेली. तिसरीत बेरीज, ती शीटनंच केली. चौथीत मेसेज, आणि तपासणी अशी की मेसेजमधला प्रत्येक आकडा त्या शेतकऱ्याच्या ओळीत असलाच पाहिजे.

खर्च चौपट होत नाही. महाग असतात ते फोटो, आणि ते फक्त पहिल्या पायरीत जातात. पुढं चार ओळींचा मजकूर. अडकलं तर तेवढीच पट्टी पुन्हा वाचायची, सगळ्या ३८ नाही. वेळ मात्र जास्त लागतो, कारण एक पायरी संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. आणि एकाच शेतकऱ्याला एकच मेसेज लिहायचा असेल तर हा सगळा खटाटोप मी करणार नाही.

साखळीनं मलाही एकदा फसवलंय. एका पट्टीच्या समासात तिरपं लिहिलं होतं, ‘उचल ५,००० दिली’. माझ्या पाच रकान्यांत त्याला जागाच नव्हती, म्हणून पहिल्या पायरीनं ते सोडलं. गणित जुळलं, ‘ठीक’ आलं, आणि चौथ्या पायरीनं त्या शेतकऱ्याला ५,००० रुपये जास्त येणं कळवलं. मागच्या पायरीनं जे टाकून दिलं, ते पुढच्या पायरीला कसं दिसणार? तेव्हापासून पहिल्या प्रॉम्प्टमध्ये ‘शेरा’ नावाचा सहावा रकाना आहे: रकान्यांबाहेर जे काही लिहिलं असेल ते इथं उतरव. शेरा भरलेला असला की गणित जुळो न जुळो, ती पट्टी आधी काकांकडे जाते.