आप्पांच्या पायातली माझी चप्पल

परवा बँकेच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या आप्पांच्या पायात माझी चप्पल होती. उजव्या पट्ट्याला मीच घातलेला टाका ओळखू आल्यामुळे शंकेला जागा नव्हती.

चप्पल त्यांच्याकडे गेली ती ऊसदराच्या आंदोलनात. पहिली उचल टनाला शंभर रुपये वाढवून मिळावी म्हणून आम्ही वाळवा तालुक्यातल्या एका नाक्यावर चक्का जाम केला होता. तासाभरात पोलिसांनी आम्हाला उचलून गाडीत भरले आणि त्या ओढाताणीत माझी चप्पल रस्त्यावर राहिली. आप्पा समोरच्या टपरीवर चहा पीत हा सोहळा पाहत होते. ग्लास हातात घेऊनच ते गाडीच्या जाळीपाशी आले.

"गुरुजी, जरा जोर लावा. शंभरावर मागं येऊ नका. माझा दोन एकर हाय."

"मग तुम्ही पण बसा की गाडीत!"

"मी बसलो काय, न बसलो काय, दर तर सगळ्यास्नी एकच देणार न्हवं कारखाना?" एवढे बोलून त्यांनी खाली पाहिले. "चप्पल हितंच ऱ्हायली तुमची. अनवाणी आलोय, घालून जाऊ का?"

संध्याकाळी सुटका झाल्यावर मी डांबरी रस्त्याने अनवाणी घरी आलो. त्या दोन किलोमीटरांत मला एक कटू गोष्ट मान्य करावी लागली, ती म्हणजे आप्पांचा हिशेब बिनचूक होता. दोन एकरांत त्यांचा ऊस ऐंशी टन निघतो, म्हणजे शंभर रुपये वाढले तर त्यांना आठ हजार मिळणार. पण हजारो शेतकऱ्यांच्या आंदोलनात एकटे आप्पा वाढल्याने दर मिळण्याची शक्यता कितीशी वाढेल? उदारपणे हजारात एक धरली, तरी रस्त्यावर बसण्याचे त्यांच्या वाट्याचे मोल आठ रुपये होते. टपरीवरचा चहा दहा रुपयांना मिळतो. मॅन्सर ऑल्सन नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1965 साली हेच मांडले होते. जे फळ न झगडणाऱ्यालाही नाकारता येत नाही, त्यासाठी मोठ्या समूहातला हिशेबी माणूस स्वतःहून झगडत नाही, असे त्याचे म्हणणे. आप्पांनी ऑल्सन वाचलेला नाही, त्यांना त्याची गरजही नाही.

समोरच्या बाजूला ही अडचण जवळजवळ नसते, याचा मला जास्त राग येतो. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याला शंभर रुपये म्हणजे दहा कोटी रुपये. एवढ्या रकमेसाठी कोणताही अध्यक्ष दिवसभर बैठकीला आनंदाने बसतो, आणि जिल्ह्यातले सगळे अध्यक्ष एका टेबलाभोवती मावतात. तिथे एखादा गैरहजर राहिला तर लगेच दिसतो. आमच्यात एक गैरहजर राहिला तर तो फक्त माझ्या चपलेवरून ओळखता येतो.

यावरचा ऑल्सनचा उपाय असा, की जो येईल त्यालाच मिळेल असे काहीतरी द्यावे, नाहीतर जो येणार नाही त्याला चटका द्यावा. अमेरिकेतल्या शेतकरी संघटनांनी विम्यासारख्या सोयी देऊन सभासद टिकवले. आमच्याकडे विमा नाही, त्यामुळे ट्रॅक्टरच्या चाकांतली हवा सोडतात. आंदोलनात ऊसतोड बंद असताना आप्पांनी रात्री गुपचूप दोन ट्रॉल्या भरून पाठवल्या आणि पहाटे त्या ओढ्यापाशी सपाट चाकांवर बसलेल्या सापडल्या. तिसऱ्या दिवशी आप्पा मांडवात पहिल्या रांगेत होते. आठ रुपयांचा हिशेब एका रात्रीत उलटला होता.

पण ही हवा तरी कोण सोडणार? फुकट्याला वठणीवर आणण्याचा फायदाही सगळ्यांचाच असतो, आणि पोलीस केस मात्र सोडणाऱ्याच्या नावावर पडते. त्या रात्री गेलेली चार-पाच पोरे अजून तारखांना हेलपाटे घालत आहेत आणि वकिलाच्या फीसाठी वर्गणी मागायला आली तेव्हा निम्म्या गावाला नेमके शेतात काम निघाले. प्रामाणिकपणे सांगायचे तर पाणंद दुरुस्तीच्या श्रमदानाच्या दिवशी माझीही कंबर दरवर्षी न चुकता धरते, आणि त्या पाणंदीतून माझाच ऊस पहिल्यांदा बाहेर पडतो.

मग मी नाक्यावर गेलो कशासाठी, हे ऑल्सनच्या हिशेबात नीट बसत नाही. निवृत्त शिक्षक घरी बसला तर चावडीवर त्याची चर्चा होते, आणि रस्त्यावर बसून घोषणा देताना मला फार वर्षांनी बरे वाटले होते. आप्पांना चावडीची लाज नाही आणि घोषणांचा शौक नाही, त्यामुळे सिद्धांत त्यांनाच तंतोतंत लागू पडतो.

शंभर रुपये मिळाले. रांगेत आप्पांनी मागे वळून न पाहताच शेजारच्याला मोठ्या आवाजात सांगितले, "आम्ही रस्त्यावर उतरलो म्हणून दर मिळाला. नुसतं घरात बसून मिळत न्हाई."

मी त्यांच्या पायांकडे बोट दाखवले.

"व्हय की, गुरुजी," ते म्हणाले, "पट्टा पुन्हा सुटलाय बघा. टाका तेवढा घालून द्या."