तेचे दोन लाख, तुजे किती?

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत हल्ली कलमं किती हा प्रश्न जरा मागे पडलाय. सबस्क्रायबर किती, हे आधी विचारतात. मालवणी जेवणाचा चॅनल चालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मासळी बाजारात, एसटीत, देवळाच्या पायरीवर, कुठेही गाठून सांगितलं जातं, "तेचे दोन लाख झाले मा! तुजे किती?" यातला 'तो' म्हणजे पलीकडच्या गावातला दुसरा मालवणी जेवणवाला. विचारणाऱ्याने दोघांचेही व्हिडिओ पाहिलेले नसतात, आकडे मात्र तोंडपाठ.

त्यातला सबस्क्रायबरचा आकडा सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत निरुपयोगी. एक तर तो पूर्ण दिसतच नाही. 2019 पासून यूट्यूब लोकांना पहिले तीनच अंक दाखवतं. 2.04 लाख दिसतात म्हणजे खरा आकडा 2,04,000 ते 2,04,999 यांत कुठेही असू शकतो. त्यामुळे बाहेरच्या साइटवर अशा चॅनलचा आलेख पाहिला तर कित्येक दिवस शून्य वाढ आणि मग एका दिवसात थेट हजार. "बघ, काल एका रात्रीत हजार वाढले, काय तरी केल्यान!" असं बोलणाऱ्याला मी नम्रपणे सांगतो, की त्याने काही केलेलं नाही, तिसरा अंक बदलला. हजार माणसं कितीतरी दिवस थेंबाथेंबाने येत होती.

शिवाय सबस्क्रायबर हा साठा आहे. सात वर्षांपूर्वी लावलेल्या माडाचे नारळ मोजायचे आणि यंदाच्या रोपाकडे बघून मान हलवायची, तसला हा हिशेब. आज कोण बघतंय, ते त्यातून कळत नाही.

एकूण व्ह्यूजचंही तेच. त्या बेरजेत शॉर्ट्स मिसळलेले असतात. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी एक व्ह्यू धरला जातो, पुन्हा वाजला की पुन्हा एक. त्याआधी काही सेकंद तरी पाहावा लागे. जुन्या पद्धतीचा आकडा आता चॅनलच्या मालकाला यूट्यूब स्टुडिओमध्ये वेगळा दिसतो, बाहेरच्याला नाही. म्हणून ज्याने त्या तारखेनंतर कोळंबीच्या कढईचे शॉर्ट्स धडाधड टाकले, त्याची बेरीज फुगलेली दिसणारच. यात त्याची लबाडी काहीच नाही, पण तुमच्या अर्ध्या तासाच्या सुरमईच्या तिखल्याची तुलना त्याच्या वीस सेकंदांच्या फोडणीशी करू नये, एवढंच.

मग करायचं काय? समजा 15 नोव्हेंबर 2025 ला बसलात. दोन्ही चॅनलांच्या 'व्हिडिओ' टॅबवर जा, म्हणजे शॉर्ट्स आणि लाइव्ह आपोआप बाजूला राहतात. तिथून फक्त 30 ते 120 दिवस वयाचे व्हिडिओ घ्या. नव्या व्हिडिओचे व्ह्यूज अजून जमतायत आणि जुन्यांना वय मिळालंय, दोघांनाही या पंगतीत जागा नाही. वय ठरवताना यादीत दिसणाऱ्या "3 महिन्यांपूर्वी" वर विसंबू नका. ते खालच्या बाजूला गोळा केलेलं असतं, "1 वर्षापूर्वी" म्हणजे जवळजवळ दोन वर्षंही असू शकतात. व्हिडिओ उघडून वर्णनावर टिचकी मारली की नेमकी तारीख आणि पूर्ण व्ह्यूज दिसतात. तेच वहीत उतरवा. आणि स्वतःचेही आकडे तिथूनच घ्या, स्टुडिओतून नव्हे. एकाला बाहेरच्या मापाने आणि दुसऱ्याला घरच्या मापाने मोजलं तर भांडण ठरलेलंच.

आता समजा दोघांचे दहा-दहा व्हिडिओ निघाले. समोरच्याचे नऊ 3,100 ते 7,200 च्या दरम्यान, त्यांची बेरीज 42,000. दहावा, उकडीच्या मोदकांचा, 4,10,000. तुमचे दहाही 2,900 ते 6,200 मध्ये, बेरीज 44,000. सरासरी काढली तर त्याची 45,200 आणि तुमची 4,400. दहा पट! एवढ्यावर माणूस चॅनल बंद करून काजूची फॅक्टरी काढायला निघतो.

पण थांबा. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधले दोन बघा. त्याचे 4,400 आणि 4,800, म्हणजे मध्यक 4,600. तुमचे 4,200 आणि 4,400, म्हणजे मध्यक 4,300. त्याचा सर्वसाधारण व्हिडिओ आणि तुमचा सर्वसाधारण व्हिडिओ एकाच बाकावर बसलेले आहेत. इतके शेजारी, की त्याचा सर्वांत वरचा आणि तुमचा सर्वांत खालचा व्हिडिओ यादीतून काढला, तर दोघांचेही मध्यक 4,400 येतात. दहा-दहा व्हिडिओंवरून तीनशे व्ह्यूजच्या फरकाला 'तो पुढे' म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही.

राहिला तो चार लाखांचा मोदक. इथे गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय हात आसा तेचो!" दुसरा म्हणतो, "पैसे भरल्यान आसतले." दोघांकडेही पुरावा नाही. जाहिरात म्हणून दाखवलेल्या व्हिडिओचे व्ह्यूजही त्याच आकड्यात पडू शकतात आणि बाहेरून ते वेगळे करता येत नाहीत. व्ह्यूजच्या मानाने कमेंट फारच तुरळक असतील तर शंका घ्यावी, पण ती मनात ठेवावी. पाककृती बघून हात धुवायला जाणारी माणसं एरवीही कमेंट लिहीत नाहीत. थंबनेलमुळे चाललं, हेही असंच ठोकून दिलेलं असतं. किती जणांना थंबनेल दिसलं, किती जणांनी दाबलं, किती मिनिटं पाहिलं, हे फक्त मालकाला दिसतं. कमाईचा अंदाज सांगणाऱ्या साइटना तर प्रेक्षक कुडाळचा की दुबईचा हेही माहीत नसतं, म्हणून त्यांच्या किमान आणि कमाल आकड्यांमधून अख्खी कोकण रेल्वे जाईल.

बाहेरून खात्रीने दिसते ती तारीख. आणि आमच्याकडे तारखेला फार वजन. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. म्हणजे 2025 चा सप्टेंबर 2024 च्या सप्टेंबरशी ताडून "धंदा बसला" म्हणणाऱ्याने आधी कालनिर्णय बघावं, कारण 2025 मध्ये मोदकांची बहुतेक शोधाशोध ऑगस्टमध्येच उरकली असणार. तुलना करायची तर चतुर्थीआधीचे तीन आठवडे गेल्या वर्षीच्या तशाच तीन आठवड्यांशी करावी. मासळी उतरवतानाचे व्हिडिओ करणाऱ्यांचंही तसंच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा त्यांच्या जुलैची तुलना जेवणवाल्याच्या जुलैशी करणं म्हणजे नांगरून ठेवलेल्या होडीचा वेग मोजणं.

समजा, समोरच्याने मोदक 6 ऑगस्टला टाकले आणि तुम्ही चतुर्थीच्या सकाळी, जेव्हा बघणाऱ्या बाईचे दोन्ही हात तांदळाच्या उकडीत होते. हे एकाच व्हिडिओचं उदाहरण झालं, त्यावरून नियम होत नाही. पण आणखी पाच-सहा मालवणी चॅनलांच्या मोदकांच्या तारखा आणि व्ह्यूज काढायला संध्याकाळ पुरते. त्यातही लवकर टाकलेलेच बहुतेक वर दिसले, तर 2026 ची 14 सप्टेंबरची चतुर्थी धरून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात नारळ खवायला घ्या. नाही दिसले, तर निदान थंबनेलवर लाल बाण काढत बसण्यापेक्षा संध्याकाळ बरी गेली.