काठ्या टेकून पढलेल्या अकरा रकाती

"तरावीह आठच रकाती आहे, बुखारी शरीफमध्ये साफ लिहिलंय. वीस रकाती हजरत उमर यांच्या नावावर मागाहून खपवल्या. मक्केतसुद्धा आता वीस बंद झाल्या. आणि सत्तावीसव्या रात्री कुराण खतम झालं की तरावीह संपली. सगळ्यांना पाठवा."

रमजानच्या रात्री पढल्या जाणाऱ्या तरावीहच्या नमाजेबद्दल हा मेसेज फिरतोय. त्यातल्या बुखारीपासूनच सुरुवात करू. ज्या हदीसचा हवाला दिलाय ती आहे आणि ती सही आहे, त्याबद्दल कुणाचं भांडण नाही. अबू सलमा यांनी हजरत आयेशांना विचारलं, रमजानमध्ये पैगंबरसाहेबांची नमाज कशी असायची? त्या म्हणाल्या, रमजान असो वा दुसरा कुठला महिना, अकरा रकातींच्या वर ते जात नसत. आधी चार, मग चार, मग तीन. आठ तरावीह आणि तीन वित्र हा हिशेब इथूनच निघतो. पण त्या चार-चार रकातींबद्दल त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती पुढे पाठवताना नेमकी गळते: त्या किती सुंदर आणि किती लांब असायच्या ते विचारूच नका.

दुसरं, "रमजान असो वा दुसरा महिना" या शब्दांवरच सगळा वाद उभा आहे. हनफी आणि शाफई आलिम म्हणतात, बाराही महिने होणारी नमाज म्हणजे तहज्जुद; तिचा आकडा तरावीहला कसा लावायचा? अहले हदीस म्हणतात, रमजानमध्ये रात्रीची नमाज एकच, नावं दोन. खुद्द इमाम बुखारींनी ही हदीस तहज्जुदच्या प्रकरणातही घेतली आहे आणि तरावीहच्याही, त्यामुळे दोन्ही बाजूंना तिथे जागा सापडते. शिवाय त्याच बुखारीत हजरत आयेशांकडूनच तेरा रकातींची हदीसही आहे. म्हणजे आठला आधार भक्कम आहे. अडचण आठच्या पुढे लावलेल्या 'च'ची आहे.

पैगंबरसाहेबांनी मशिदीत जमातीने ही नमाज मोजक्याच रात्री पढवली. लोक वाढत गेले, मशीद भरली, तेव्हा ते बाहेर आले नाहीत आणि सकाळी सांगितलं की ही तुमच्यावर फर्ज होईल अशी मला भीती वाटली. त्या रात्री रकाती किती झाल्या, हे या हदीसमध्ये नाही. आठचा आकडा सांगणारी हजरत जाबिर यांची एक रिवायत दुसरीकडे आहे, वीसचा सांगणारी हजरत इब्ने अब्बास यांची आहे, आणि दोन्ही सांगणाऱ्यांच्या साखळीत एकेक रावी असा आहे ज्यावर हदीसच्या जाणकारांनी बोट ठेवलंय. वादात प्रत्येकाला समोरच्याची कमजोर रिवायत दिसते, स्वतःची दिसत नाही.

मला जास्त बोलकी वाटते ती हजरत अबू जर यांची हदीस. ती तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये आहे. तेविसाव्या रात्री पैगंबरसाहेबांनी रात्रीचा तिसरा हिस्सा सरेपर्यंत पढवली, पंचविसाव्या रात्री अर्धी रात्र सरेपर्यंत, आणि सत्ताविसाव्या रात्री इतका वेळ की सहेरी चुकते की काय असं लोकांना वाटलं. रकातींचा आकडा एकदाही नाही. मोजलाय तो रात्रीचा हिस्सा.

आता "मागाहून खपवल्या" हे कलम. हजरत उमर यांच्या काळात लोक मशिदीत विखरून पढत होते, कुणी एकटा, कुणी चार-सहा जणांना घेऊन. त्यांनी सगळ्यांना उबई बिन काब यांच्या मागे एका जमातीत आणलं. हे बुखारीत आहे, पण रकाती किती ते तिथे नाही. ते इमाम मालिकांच्या मुवत्तामध्ये आहे, आणि तिथे दोन रिवायती एकापाठोपाठ एक येतात. पहिली साइब बिन यजीद यांची: हजरत उमर यांनी उबई बिन काब आणि तमीम दारी यांना अकरा रकाती पढवायला सांगितलं. दुसरी यजीद बिन रूमान यांची: हजरत उमर यांच्या काळात लोक तेवीस पढत, म्हणजे वीस आणि तीन वित्र. दुसरीवर आक्षेप असा की यजीद बिन रूमान यांनी तो काळ स्वतः पाहिलेला नव्हता. खरं आहे. पण त्याच साइब यांच्याकडून वीसची रिवायत इमाम बैहकींनी दिली आहे. तेव्हा वीस कुणीतरी नंतर घुसडल्या असं म्हणणाऱ्याला ही रिवायत आधी बाजूला सारावी लागेल, आणि सगळ्या तेविसाच होत्या म्हणणाऱ्याला मुवत्तातली अकराची.

दोन्ही एकत्र कशा बसतात, याचं उत्तर अकराच्या त्या रिवायतीच्या पुढच्या ओळीत आहे. इमाम शेकडो आयती पढत असे, आम्ही उभं राहून राहून काठ्यांवर टेकायचो आणि पहाट जवळ आली की घरी परतायचो. त्याच पानांवर असंही येतं की आठ रकातींमध्ये अख्खी सूरे बकरा होत असे; बारा रकातींत झाली तर लोकांना वाटायचं, आज इमामाने हलकं घेतलं. जुन्या आलिमांनी याचा अर्थ सरळ लावला: उभं राहणं झेपेना तेव्हा ते आखूड केलं आणि रकाती वाढवल्या. मदिनेत तर पुढे छत्तीसवर गेल्या. त्याचं कारण असं सांगतात की मक्केचे लोक दर चार रकातींनंतरच्या विसाव्यात काबाचा तवाफ करत, असे चार तवाफ व्हायचे; मदिनेत काबा नाही, म्हणून एकेका तवाफाच्या जागी चार रकाती, वीस अधिक सोळा. तरावीह हे नावच त्या विसाव्यावरून पडलंय. आज आपल्याकडे त्या विसाव्यात एक दुआ जेमतेम पुरी होते.

मक्केची गोष्ट निम्मी खरी आहे. हरममध्ये वीस व्हायच्या. २०२० च्या रमजानमध्ये करोनामुळे मशीद बाहेरच्यांना बंद होती, तेव्हा दहा केल्या आणि पुढेही दहा आणि तीन वित्र असंच चालू राहिलं. म्हणजे वीस बंद झाल्या हे खरं. पण त्यातून आठ कशा सिद्ध होतात ते मला कळलेलं नाही. आणि तिथे महिनाभरात कुराण पूर्ण होतं, पूर्वीसारखंच. मदिना छापाच्या कुराणात एक पारा साधारण वीस पानांचा. वीस रकातींत दर रकातीला एक पान येत होतं, आता दहात दोन येतात. आकडा निम्मा झाला, एकेक रकात दुप्पट झाली.

आपल्याकडे नेमकी इथे गोची आहे. आठच्या बाजूने बोलणारे आकडा हदीसचा घेतात आणि लांबी स्वतःची. पण वीसवाल्यांनीही (मी त्यांच्यातलाच) फार बढाई मारू नये. हनफी किताबांतला जुना हिशेब असा की दर रकातीला दहाएक आयती. महिन्याच्या सहाशे रकाती, आयती सहा हजारांच्या थोड्या वर. महिन्यात कुराण आरामात एकदा पूर्ण. मुंबईत व्यापाऱ्यांसाठी पाच दिवसांची, दहा दिवसांची तरावीह होते. पाच दिवसांची म्हणजे रोज सहा पारे. हाफिज पट्टीचा असेल तर ठीक, नाहीतर मागे उभ्या माणसाला फक्त 'यालमून-तालमून' ऐकू येतं. कसं ओळखायचं? अल्हम्दु एका दमात संपली, तुमची सना पुरी व्हायच्या आत किरात सुरू झाली, रुकूतली तीनदा तस्बीह तुम्हाला जमली नाही, तर गाडी फार वेगात आहे. हाफिजच्या मागे सामे उभा असतो, आयत सुटली की लुकमा द्यायला. इतक्या वेगात तोही मागे पडतो, आणि मग सुटलेल्या आयती दुसऱ्या दिवशी पढाव्या लागतात.

माझं गाव कोकणात, शाफई. वीसवर आमचं आणि हनफींचं एकमत, तरी मुंबईहून आलेला पाहुणा पहिल्या रात्री गोंधळतोच. आमच्याकडे दर रकातीला अल्हम्दुच्या आधी बिस्मिल्लाह मोठ्याने. हनफी मशिदीत ती हळू, आणि अख्ख्या खतममध्ये एकदाच कुठेतरी मोठ्याने. सूरे सादला मुंबईचा पाहुणा सजद्यात जायला वाकतो आणि आमची सफ उभीच, कारण तो सजदा शाफईंकडे नमाजमध्ये करत नाहीत. उलट सूरे हजमध्ये आमचे सजदे दोन, त्यांचा एक. महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात वित्रमध्ये रुकूनंतर आमच्याकडे कुनूत सुरू होते, तेव्हा तो पुन्हा चमकतो. त्याच्याकडे ती रुकूच्या आधी, आणि वर्षभर.

ज्या वर्षी हाफिज मिळाला नाही, त्या वर्षी पेशइमामांनी 'अलम तरा'ची तरावीह पढवली. सूरे फील ते सूरे नास, शेवटच्या दहा सूरती: दहा रकातींत एकदा, पुढच्या दहात पुन्हा. म्हातारे खूश, अर्ध्या-पाऊण तासात घरी. ही तरावीह झाली का? झाली. खतम ही वेगळी सुन्नत, तरावीह वेगळी. एक राहिली म्हणून दुसरी बाद होत नाही.

सत्तावीसचं कलम इथेच निकालात निघतं. सत्ताविसाव्या रात्री विसाव्या रकातीत 'अलिफ लाम मीम'पासून 'मुफलिहून'पर्यंत पढून हाफिज कुराण नव्याने सुरू करतो, दुआ होते, मिठाई वाटली जाते. पण ईदचा चाँद दिसेपर्यंत दर रात्रीची तरावीह आहेच. पाच दिवसांत खतम केलेल्यालाही उरलेल्या रात्री सुटत नाहीत.

आणि वीसच्या मशिदीत आठ झाल्या की चपला शोधणाऱ्यांसाठी: हजरत अबू जर यांच्या त्याच हदीसमध्ये पैगंबरसाहेबांनी सांगितलंय की जो इमामासोबत शेवटपर्यंत उभा राहतो, त्याच्या नावावर पूर्ण रात्रीची नमाज लिहिली जाते. इमाम आठ पढवत असेल तर आठपर्यंत, वीस पढवत असेल तर वीसपर्यंत.

अठ्ठाविसाव्या रात्री आमच्या मशिदीत दीड सफ असते. पुढे 'अलम तरा', मागे पंखे तेवढेच.