अनंत शिडीचा रोध ही हातचलाखी नव्हे: एका दाव्याचा प्रतिवाद

"अनंत शिडीच्या जाळ्यातला पहिला टप्पा काढला तरी जाळे तेच राहते, असे धरून १.६१८ R हे उत्तर काढतात, ती निव्वळ हातचलाखी आहे. अनंतातून एक वजा करण्याला अर्थ नाही. अनंत रोधक जोडले तर रोध एकतर अनंत व्हायला हवा, नाहीतर शून्य. वर्गसमीकरणाचे ऋण उत्तर सोयीसाठी टाकून देतात. आणि अशी शिडी कोणी बांधू शकत नाही, म्हणून हे उत्तर फक्त कागदावरचे."

आधी जाळे नेमके समोर ठेवू. A आणि B ही त्याची दोन टोके आहेत. A पासून निघणाऱ्या वरच्या ओळीत दर टप्प्याला R रोधाचा एक आडवा रोधक आहे आणि त्याच्या पुढच्या सांध्यापासून खालच्या तारेपर्यंत तेवढ्याच रोधाचा एक उभा रोधक आहे. खालची तार B ला जोडलेली असून तिचा रोध नगण्य मानला आहे. आडवा आणि उभा मिळून एक टप्पा, आणि असेच टप्पे उजवीकडे चालू राहतात.

अनंत की शून्य, हा प्रश्न सर्वांत लवकर सुटतो. A मधून आत येणारी सगळी धारा पहिल्या आडव्या रोधकातूनच जाते, तेव्हा परिणामी रोध R पेक्षा कमी होऊच शकत नाही. दुसरीकडे, पहिला आडवा आणि पहिला उभा रोधक एवढीच वाट असती तर रोध 2R झाला असता. उरलेले सगळे जाळे पहिल्या उभ्या रोधकाला समांतर असल्याने ते रोध वाढवू शकत नाही, कमीच करते. म्हणजे टप्पे कितीही असोत, उत्तर R आणि 2R यांच्या दरम्यानच असणार. रोधकांची संख्या अनंत असली तरी ते सगळे एकसर नाहीत आणि सगळे समांतरही नाहीत, हे या आक्षेपात विसरले जाते.

आता मुख्य मुद्दा, अनंतातून एक वजा करण्याचा. खरे तर या रीतीत अशी वजाबाकी करावीच लागत नाही. शिडी मर्यादित टप्प्यांचीच घेऊ आणि n टप्प्यांच्या शिडीचा रोध Rₙ म्हणू. तिच्या डाव्या बाजूला आणखी एक टप्पा लावला की नवा उभा रोधक जुन्या शिडीशी समांतर येतो आणि नवा आडवा रोधक त्या जोडीशी एकसर येतो:

Rₙ₊₁ = R + R·Rₙ/(R + Rₙ)

या सूत्रात अनंत कुठेही नाही. शेवट मोकळा ठेवलेल्या शिडीसाठी R एकक धरून आकडे काढले तर २, ५/३, १३/८, ३४/२१ असे येतात, म्हणजे २, १.६६७, १.६२५, १.६१९. ही क्रमिका सतत उतरते आणि १ च्या खाली जात नाही, म्हणून तिला सीमा असलीच पाहिजे. शिडीच्या शेवटच्या उभ्या रोधकाची दोन्ही टोके तारेने एकमेकांना जोडून टाकली तर मात्र १, ३/२, ८/५, २१/१३ अशी चढती क्रमिका मिळते: १, १.५, १.६, १.६१५. या अपूर्णांकांचे अंश आणि छेद फिबोनाची क्रमिकेतले आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

दोन्ही क्रमिका एकाच जागी पोहोचतात का, हे पाहणे आवश्यक आहे, कारण युक्तिवादाचा सगळा भार तिथेच आहे. दोन शिड्यांचे रोध x आणि y असतील, तर प्रत्येकीला एक टप्पा जोडल्यानंतर त्यांतला फरक (x − y)/((1 + x)(1 + y)) एवढा उरतो. x आणि y दोन्ही किमान १ असल्यामुळे छेद किमान ४ आहे, म्हणजे फरक प्रत्येक टप्प्याला चौपटीने किंवा त्याहूनही वेगाने घटतो. सुरुवातीचा १ चा फरक पुढच्या टप्प्यात १/६ होतो आणि त्याच्या पुढच्यात १/४०. शेवटाला कोणताही रोध लावा, तो मोकळे टोक आणि तारेने जोडलेले टोक यांच्या मधलाच असतो, त्यामुळे उत्तरही याच चिमट्यात सापडते. सीमा आहे आणि ती एकच आहे हे सिद्ध झाल्यावरच तिला X म्हणून वरच्या सूत्रात दोन्हीकडे ठेवायचे: X = R + RX/(R + X), म्हणजेच X² − RX − R² = 0. "टप्पा काढला तरी जाळे तेच" हे वाक्य या सर्व पायऱ्यांचे संक्षिप्त रूप आहे.

या आक्षेपामागची सावधगिरी मात्र पूर्णपणे अनाठायी नाही. आडव्या रोधकांच्या जागी शुद्ध प्रेरक आणि उभ्यांच्या जागी शुद्ध धारित्र घेऊन कमी वारंवारतेचा प्रत्यावर्ती स्रोत जोडला, तर हीच रीत वास्तव रोधाचा भाग असलेले उत्तर देते, जणू शिडी ऊर्जा शोषते आहे. पण मोकळ्या किंवा तारेने जोडलेल्या टोकाची कोणतीही मर्यादित शिडी तिथे सरासरी ऊर्जा शोषत नाही, आणि टप्पे वाढवत गेल्यावर तिचे मूल्य स्थिरावण्याऐवजी हेलकावत राहते. घटकांत थोडा तरी रोध असला तरच सीमा मिळते. स्वसदृशतेचे समीकरण सीमा कोणती हे सांगते, सीमा आहे की नाही हे सांगत नाही. रोधकांच्या शिडीत ते आपण वेगळे तपासले.

ऋण मुळाकडे येऊ. समीकरणाची मुळे X = R(1 ± √5)/2, म्हणजे १.६१८ R आणि −०.६१८ R. एका सांध्यावरून पुढच्या सांध्यावर जाताना विभवांतर (X − R)/X या पटीत बदलते. धन मुळासाठी ही पट ०.३८२ येते: टोकांना १० व्होल्ट दिल्यास पुढच्या सांध्यांवर ३.८२, १.४६, ०.५६, ०.२१ व्होल्ट मिळतात. ऋण मुळासाठी पट २.६१८ येते, म्हणजे दूर जावे तसे विभवांतर वाढत जाते आणि जाळे आपल्याकडून ऊर्जा घेण्याऐवजी आपल्याला देते. फक्त रोधकांनी बनलेले जाळे ऊर्जा देऊ शकत नाही. ते मूळ भौतिक कारणाने बाद होते, आणि R ते 2R या मर्यादेतही बसत नाही.

बांधणीबद्दल सांगायचे तर विभवांतराचे वरचे आकडेच उत्तर देतात: चौथ्या टप्प्यापलीकडे काय आहे, याचा पहिल्या टोकाला जवळपास पत्ताच लागत नाही. १ टक्का सहनमर्यादेचे १ किलोओहमचे सहा रोधक घेऊन तीन टप्पे बांधले तर सूत्रानुसार १६२५ ओहम अपेक्षित आहेत. अनंत शिडीचे १६१८. हा ७ ओहमचा फरक १ टक्क्याच्या सुमारे १६ ओहमपेक्षा लहान आहे. अनंत शेपटीच्या जागी, शेवटच्या उभ्या रोधकाला समांतर, १.६२ किलोओहमचा एक रोधक लावला तर टप्पे एक असोत वा दहा, मल्टिमीटर सहनमर्यादेच्या आत तेच मूल्य दाखवेल. अंकीय संकेताचे सदृश संकेतात रूपांतर करणाऱ्या R–2R शिडीत हेच केले जाते: उभे रोधक 2R घेतल्यास समीकरण X² − RX − 2R² = 0 होते, त्याचे धन मूळ नेमके 2R येते, आणि म्हणून त्या शिडीचा शेवट 2R ने करतात.

हाती असलेली शिडी अनंत मानण्याइतकी लांब आहे का, हे मोजूनही कळते. टोक मोकळे ठेवून एकदा आणि शेवटचा उभा रोधक तारेने जोडून एकदा रोध मोजावा. १ किलोओहमच्या चार टप्प्यांसाठी १६१९ आणि १६१५ ओहम यायला हवेत. दोन मापांतला फरक रोधकांच्या सहनमर्यादेपेक्षा लहान असेल, तर पुढे आणखी टप्पे जोडून मापात सहनमर्यादेपेक्षा मोठा बदल होणार नाही.